मदत हवी आहे: फाईल अपलोड होतच नाहीये. परत परत प्रयत्न करू, लॅपटॉप मागून आणू की सरळ टाईप करू?

रानजाई
आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची वही आहे. एका संकलनासाठी ती पाठवायची आहे. पानांचे फोटो काढून पीडीएफ केली, ती त्यांच्या फॉर्मला जोडायची आहे. दुपारपासून बसलेय. पट्टी पुढे सरकते आणि मधेच ‘अपलोड अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ येतं. कधी ३५ टक्क्यांवर, कधी ६० वर. परत केलं की पुन्हा शून्यापासून. मुदत उद्या रात्री १२ पर्यंत. असंच करत राहू, शेजारच्या सरांचा लॅपटॉप मागू, की सगळं टाईप करून पाठवू? नेट चांगलं आहे, व्हिडिओ न अडकता चालतात. कृपया लवकर सांगा.

कोकणकडा
लॅपटॉप. मोबाईलवरून मोठी फाईल टाकायचीच नाही. मधे फोन आला, स्क्रीन बंद झाली किंवा दुसरं ॲप उघडलं की ब्राउझर झोपतो आणि अपलोड तुटतं. आमच्या ऑफिसात रोज हेच चालतं.

विसूनाना
फोटो ५० केबीच्या आत करा, लगेच जाईल. पुतण्याच्या बँक परीक्षेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागत होती. आम्ही सायबर कॅफेवाल्याकडून करून घेतलं, त्याने ३० रुपये घेतले.

रानजाई
@विसूनाना, काका, पासपोर्ट साईझ फोटो नाहीये हो, वहीची पानं आहेत.
@कोकणकडा, स्क्रीन चालूच ठेवली होती, हातात फोन धरून बसले होते.

तारायंत्र
फाईल केवढी आहे? फॉर्मवर किती एमबीपर्यंत चालेल असं लिहिलंय? फोन कुठल्या नेटवर आहे, वायफाय की सिमचं? आणि ‘नेट चांगलं’ म्हणजे व्हिडिओ दिसतो, एवढंच ना? व्हिडिओ तुमच्याकडे येतो, फाईल तुमच्याकडून जाते. येणारा वेग आणि जाणारा वेग वेगळे असतात. खेड्यात सिमच्या नेटवर जाणारा वेग बहुतेक वेळा खूपच कमी असतो.

इंदू_सातारा
फाईलचं नाव मराठीत ठेवलंय का? माझं एकदा तेवढ्यावरच अडलं होतं. `ovya.pdf` असं साधं नाव द्या, मधे रिकामी जागा नको.

रानजाई
फाईल ३१ एमबी, २२ पानं. फॉर्मवर ५० एमबीपर्यंत लिहिलंय, म्हणून तर कळत नाहीये काय चुकतंय. पाटण तालुक्यात डोंगरात आहे, वायफाय नाही, सिमचंच नेट. नाव बदलून पाहिलं, तरी तेच.

तारायंत्र
एक काम करा. पुढच्या वेळी किती टक्क्यांवर तुटलं ते पाहू नका, घड्याळात किती मिनिटांनी तुटलं ते पाहा. त्याआधी एकाच पानाची पीडीएफ करून ती जोडून पाहा. फॉर्म सबमिट करू नका, फक्त फाईल वर जाते का ते बघा. आणि स्पीड टेस्ट लावून त्यातला अपलोडचा आकडा इथे लिहा.

कोकणकडा
एवढं करत बसण्यापेक्षा लॅपटॉपवर पाच मिनिटांत काम होईल.

तारायंत्र
लॅपटॉपला नेट कुठून देणार? त्यांच्या फोनच्याच हॉटस्पॉटवरून ना? मग टॉवर तोच, वेगही तोच. स्क्रीन बंद होण्याचा प्रश्न असता तर लॅपटॉपने सुटला असता. त्या म्हणतायत स्क्रीन चालू होती.

रानजाई
एक पान झटकन गेलं. मोठी फाईल परत टाकली, पाच मिनिटांनी तुटली, तेव्हा ५८ टक्के झालं होतं. मग घराच्या मागच्या बाजूला जाऊन केली, तिथे रेंज कमी येते. परत पाच मिनिटांच्या आसपासच तुटली, पण ३७ टक्क्यांवर. स्पीड टेस्टमध्ये अपलोड ०.५ एमबीपीएस.

तारायंत्र
मग सापडलं. टक्के बदलतात, पण वेळ तीच राहते. म्हणजे लाईन तुटत नाहीये. त्यांच्याकडे एका अपलोडला साधारण पाच मिनिटांची मुदत लावलेली असणार. लाईन तुटत असती तर कधी दीड मिनिटाला, कधी चार मिनिटांना, अशी कधीही तुटली असती. फाईलचा प्रकार किंवा नाव चालत नसतं तर एक पानही गेलं नसतं. आणि आकार नियमाबाहेर असता तर तसा संदेश आला असता, बहुतेक फाईल निवडल्या निवडल्याच.

हिशेब सोपा आहे. ०.५ एमबीपीएसला ८ ने भागायचं, म्हणजे सेकंदाला साधारण ६२ केबी जातात. ३१ एमबी जायला आठ मिनिटांच्या वर लागणार. पाच मिनिटांत जेमतेम १८ एमबी जातात, म्हणजे साठ टक्के. तुमचे ५८ टक्के तिथूनच आले. तेव्हा त्याच फाईलवर कितीही वेळा ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबलंत तरी या वेगात ती जाणार नाही. ५० एमबीची परवानगी शहरातल्या वेगाला आहे, तुमच्याकडे खरी मर्यादा १८ च्या आतली. फाईल ५-६ एमबीवर आणा, दीड मिनिटात जाईल.

इंदू_सातारा
पीडीएफ लहान करून देणाऱ्या साईट आहेत भरपूर, तिथे टाका.

तारायंत्र
त्या साईटवरही आधी हीच ३१ एमबीची फाईल चढवावी लागेल ना, ताई. लहान करायचं काम फोनमध्येच व्हायला हवं. सगळ्यात सोपं म्हणजे पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, एचडी न निवडता. पाठवायच्या आधी ते फोनमध्येच दोन-तीनशे केबीपर्यंत उतरतात, त्यामुळे या नेटवरही निघतील. पाठवलेले फोटो सेव्ह करून त्यांची पीडीएफ करा. नाहीतर गूगल ड्राइव्हच्या ॲपमधल्या स्कॅनने पानं परत घ्या. त्यात करड्या रंगाचा फिल्टर लावा, पूर्ण काळा-पांढरा नको. काळ्या-पांढऱ्यात शाई फिकी असेल तर अक्षरच उडतं.

रानजाई
काही पानं पेन्सिलीने लिहिलेली आहेत. फोटोतच अंधुक दिसतात.

तारायंत्र
मग काळा-पांढरा अजिबात नको. पीडीएफ झाली की पेन्सिलीचं सगळ्यात फिकं पान उघडून, मोठं करून, एक ओळ वाचून पाहा. ती वाचता आली तर बाकीची पानं बघायची गरज नाही.

कोकणकडा
ड्राइव्हवर टाकून लिंक द्यायची. ड्राइव्हवर मधेच नेट गेलं तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं, शून्यावर जात नाही. तुमच्या या फॉर्मपेक्षा बरं.

तारायंत्र
हे मात्र बरोबर बोललात. पण लिंक घेतात का ते आधी विचारा. आणि लिंक देताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी चालू करा, नाहीतर समोरच्याला उघडणारच नाही आणि ते तुम्हाला मुदत संपल्यावर कळेल.

गोधडी
तांत्रिक कळत नाही, पण ओव्यांचं कळतं. ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या वेबसाईटवर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ते काम उभं केलं. जमलं तर तो संग्रह नक्की बघा. आणि ताई, ते छापणार आहेत ना? मग शेवटी कोणीतरी टाईप करणारच. संपादकांकडच्या माणसाने तुमच्या पेन्सिलीच्या पानावरून अंदाजाने टाईप करण्यापेक्षा तुम्ही केलेलं चांगलं. फॉर्मवर मजकूर लिहायला चौकट आहे का?

रानजाई
हो, आहे. ‘मजकूर (ऐच्छिक)’ अशी. तिच्याकडे लक्ष द्यायला वेळच मिळाला नाही. पण २२ पानं म्हणजे पानाला नऊ-दहा ओव्या, दोनशेच्या वर होतील. फोनवर टाईप करून रात्र जाईल.

विसूनाना
बोलून टाईप करा! माईकचं बटण दाबायचं आणि म्हणत जायचं. मी सगळी पत्रं अशीच लिहितो.

गोधडी
नाना, पत्राला चालेल, ओव्यांना नाही. आमच्याकडे करून पाहिलंय. ‘पयली माझी ववी’ म्हटलं की ‘पहिली माझी वही’ उमटतं. ‘दळान’चं ‘दळण’ होतं. आत्या जे म्हणाली ते जातं आणि पुस्तकी मराठी येते. वर ती दुरुस्त करण्यात दुप्पट वेळ जातो.

विसूनाना
मग शुद्ध झालं तर वाईट काय आहे? वाचणाऱ्याला कळायला नको का?

गोधडी
कळायला हवं, मान्य आहे. त्यासाठी खाली अर्थ लिहा. ओवीत ‘पहिली’ घातलं की ती चालीत बसत नाही, म्हणून पाहा.

तारायंत्र
टाईप करण्याचा हिशेब असा. दोनशे ओव्या म्हणजे चारशे ओळी, ओळीत सहा शब्द धरले तर २४०० शब्द. फोनवर मिनिटाला दहा-बारा शब्द होत असतील तर साडेतीन ते चार तास. लॅपटॉपवर मराठी टायपिंगची सवय असेल तर दोन तास. लॅपटॉपचा खरा उपयोग इथे आहे, अपलोडला नाही. टाईप केलेल्या सगळ्या मजकुराचं वजन चाळीसेक केबी, म्हणजे तुमच्या नेटवर एका सेकंदाचं काम.

पण फॉर्मच्या चौकटीत थेट टाईप करू नका. पान रिफ्रेश झालं किंवा बराच वेळ उघडं राहिलं तर सगळं जाईल. नोट्समध्ये लिहा आणि शेवटी चिकटवा. सरांच्या लॅपटॉपवर करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलंत तर चौकटीत नुसती अगम्य चिन्हं येतील.

माझं मत: आज रात्री लहान केलेली पीडीएफ जाऊ द्या, म्हणजे मुदतीची धास्ती संपेल. सगळं टाईप करत बसू नका, फक्त पेन्सिलीची पानं करा.

कोकणकडा
आणि एकदा सबमिट झाल्यावर परत उघडता येईल का, याची खात्री आहे का? पीडीएफ आत्ता पाठवली आणि फॉर्म बंद झाला तर टाईप केलेलं कुठे घालणार?

तारायंत्र
बरोबर. आधी तपासून घ्या, रानजाई. पाठवल्यावर बदल करता येतात असं लिहिलं नसेल तर दोन्ही एकदमच पाठवा.

रानजाई
व्हॉट्सॲपवाला उपाय केला. फाईल ५.४ एमबी झाली आणि दीड मिनिटाच्या आतच चढली! तारायंत्र, मनापासून आभार. पेन्सिलीचं पान मोठं करून वाचलं, एक-दोन शब्द सोडले तर लागतं.
बदल करता येतात असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून सबमिट केलेलं नाही. पेन्सिलीची सहा पानं आहेत, साठेक ओव्या होतील. त्या आज टाईप करते आणि सकाळी पीडीएफ परत जोडून दोन्ही एकदम पाठवते. न लागलेले शब्द आत्याला फोनवर विचारीन, ती पहाटे उठते. आत्या जसं म्हणते तसंच लिहिणार, नाना.
एकच शंका. चौकटीत एक ओवी चिकटवून पाहिली तर दोन्ही ओळी एकाच ओळीत आल्या. छापताना तसंच राहील का?

गोधडी
राहू शकतं. ओळ संपते तिथे एक दंड (।) आणि ओवी संपते तिथे दोन (॥) घाला. वर ओवीचा क्रमांक आणि वहीचं पान लिहा. मग ओळी कशाही एकत्र झाल्या तरी संपादकांना तोडता येतील आणि पीडीएफशी ताडूनही बघता येईल.