पाचवीच्या गटकार्यात रोल कार्ड: कामाची की नुसती फॅशन?

निवांत मास्तर यांची पोस्ट:
"रोल कार्ड म्हणजे पोरांवर लादलेली ऑफिसगिरी. गटप्रमुख, लेखनिक, वेळपाल असली कार्डं मी पाचवीला वाटून बघितली, दोन दिवसांत गुंडाळून ठेवली. पोरं आपापसात काम बरोबर वाटून घेतात, आपण मध्ये पडलो की बिघडतं. कोणी खरंच वापरतं का हे?"

खडूवाली
मी वापरते सर, आणि तुमचं वाचून राग आला म्हणून एवढं लांब लिहितेय. कारण मी पण पहिल्या वर्षी अशीच कार्डं वाटून तोंडावर आपटले होते, पण चूक पोरांची नव्हती, कार्डाची होती.

प्रकल्प होता शाळेतल्या गळक्या नळांचा. नळाखाली कापलेली बाटली दहा मिनिटं धरायची, जमलेलं पाणी कफ सिरपच्या मापाच्या झाकणाने मोजायचं, मग दिवसाला किती लिटर वाया जातं ते काढायचं. चार चार जणांचे गट, गटाला एक नळ, एक चार्ट पेपर आणि चार कार्डं. साहित्यप्रमुखाने बाटली आणून दिली आणि त्याचं काम संपलं, वेळपाल घड्याळाकडे बघत बसला, गटप्रमुख ओरडत होता आणि लेखनिक पोरगी एकटी मान खाली घालून सगळं लिहीत होती. तिच्या सुरेख अक्षरात चार्टवर होतं "दिवसाला 1440 मिली". दहा मिनिटांत सहा झाकणं म्हणजे 60 मिली, त्याला तिने सरळ 24 ने गुणलं. तासात दहा मिनिटं सहा वेळा येतात हे राहून गेलं, खरं उत्तर 8640 मिली, म्हणजे साडेआठ लिटरच्या वर. चौघांपैकी एकालाही ते दिसलं नाही कारण बाकी तिघांनी गणित केलंच नव्हतं, त्यांच्याकडे "त्यांचं" कार्ड होतं ना!

तेव्हा कळलं की कार्डावर कामाचा वाटा लिहायचाच नाही. मोजणं, गणित, लिहिणं हे चौघांनी करायचं. कार्डावर फक्त गट चालू ठेवायची जबाबदारी. आता माझ्या गटप्रमुखाच्या कार्डामागे लिहिलेलं असतं "अजून कोणाचं ऐकायचं राहिलंय?" आणि हे वाक्य त्याने पिरियडमध्ये दोनदा मोठ्याने म्हणायचंच. साहित्यवाला बाटली, झाकणं आणतो, नीट मोजली जातायत का बघतो आणि शेवटी मोजून परत ठेवतो. तपासनीस म्हणून एक जण असतो, तो वह्यांची अदलाबदल करवतो, म्हणजे प्रत्येकाचं गणित दुसऱ्याने तपासायचं. आणि वेळपालाला मी नुसतं "वेळ बघ" म्हणत नाही, माझ्या वर्गात सात-आठ जणांना काट्याचं घड्याळ अजून धड वाचता येत नाही, म्हणून त्याच्या कार्डावर घड्याळाचं चित्र काढून दिलंय, मोठा काटा चारवर आला की विचार "तक्ता अर्धा झाला का?"

कार्ड दर पिरियडला फिरतं. चार पिरियडांचा प्रकल्प, चारही कार्डं प्रत्येकाच्या हातातून जातात.

निवांत मास्तर
मॅडम, मान्य की तुमची मेहनत आहे, पण माझा मुद्दा तोच राहतो. क्रिकेट खेळताना पोरांना कोणी कार्ड देतं का? कोण बॉलिंग करणार, कोण विकेटकीपर, पाच मिनिटांत ठरतं.

खडूवाली
ठरतं ना सर, आणि ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग पण ठरते. लहानग्याला सीमेपलीकडे बॉल आणायला उभं करतात ते पण "आपापसात"च ठरलेलं असतं.

दोन अधिक दोन
यावर जुना प्रयोग आहे. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनीअरने माणसांना दोरी ओढायला लावली होती, 1913 मध्ये छापून आलं. जितकी माणसं जास्त तितका माणशी जोर कमी. म्हणजे गटात माणूस अंग चोरतोच, हे सिद्ध आहे. मग गटकार्यच कशाला, प्रत्येकाला वेगळा नळ द्या आणि विषय संपवा.

निवृत्त केंद्रप्रमुख
दोन अधिक दोन, अर्धं बरोबर आहे तुमचं. दोरी ओढताना सगळ्यांचा जोर एका क्षणी लागत नाही म्हणून पण ओढ कमी पडते, तो आळस नव्हे. 1974 ला अमेरिकेत एकाच माणसाला डोळे बांधून, मागे अजून लोक ओढतायत असं सांगून ओढायला लावलं, तेव्हाही त्याचा जोर कमी भरला. तेव्हा अंगचोरपणा आहेच, पण सगळा घाटा त्याचाच नाही, काही ताळमेळ नसल्याचा आहे. खडूवाली मॅडमच्या कार्डाने ताळमेळ सुधारेल, अंगचोरपणाला दुसरं औषध लागतं.

ते औषध म्हणजे शेवटी प्रत्येकाला एकट्याला विचारणं. मी शाळाभेटीला गेलो की चार्टकडे बघायचोच नाही. गटातल्या सगळ्यात गप्प पोराला जवळ बोलवायचं आणि विचारायचं "हा आकडा कुठून आला रे?" त्याला सांगता आलं तर गट चालला.

अजून एक. एका चार्ट पेपरभोवती चार पोरं बसली की दोघांचेच हात पोचतात, उरलेल्या दोघांना कागद उलटा दिसतो. ती पोरं मस्ती करतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. कागद चार तुकड्यांत कापून द्या, शेवटी चिकटवा. कार्डाआधी हे करून बघा.

खडूवाली
सर, कागद कापायचं मला सुचलं नव्हतं, करते. एकट्याला विचारायचं मी चिठ्ठीने करते, शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने आपल्या वहीच्या पानावर एकट्याने एक नवीन नळ सोडवायचा. समजा दहा मिनिटांत 25 मिली, तर दिवसाला किती? 3600 आलं तर ठीक. 600 आलं की समजायचं याने फक्त बघितलंय.

पाचवीतल्या मुलीची आई
मला तुमचं सगळं पटलं पण लेखनिक या शब्दावर मला बोलायचंय. माझी मुलगी तिसरीपासून लेखनिक आहे. दर गटात, दर प्रकल्पात. का तर अक्षर छान. गेल्या वर्षी पाण्याच्या प्रकल्पात तिच्या गटातले तीन मुलगे नळ मोजायला बाहेर गेले आणि ही वर्गात बसून समास आखत होती. घरी येऊन म्हणाली आई मी मुद्दाम घाण लिहू का. हे ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. अक्षर चांगलं हा तिचा गुन्हा आहे का?

निवांत मास्तर
ताई, पण केंद्रप्रमुख भेटीला आले की भिंतीवरचा चार्ट बघतात, वरून निरोप येतो की सुवाच्य हवं. शिक्षक काय करणार? वर 58 पोरांचा वर्ग, कायद्यात 30 ला एक शिक्षक लिहिलंय आणि आम्ही निम्मा वेळ मतदार यादीच्या कामात.

पाचवीतल्या मुलीची आई
सर तुमच्या यादीचा माझ्या मुलीशी काय संबंध? तुमच्या भेटीच्या चार्टसाठी तिने तीन वर्षं नळ बघायचा नाही?

निवांत मास्तर
संबंध आहे ताई. माणूस मोकळा असेल तर तो कार्ड फिरवेल ना. तुम्ही घरी बसून बोलताय.

पाचवीतल्या मुलीची आई
घरी बसून? मी सकाळी सातला कारखान्यात असते. माफी मागा.

निवांत मास्तर
तो शब्द चुकला, मागे घेतो. बाकी घेत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख
मी त्या खुर्चीत बसलोय म्हणून सांगतो, सुंदर चार्ट बघून खूष होणारे आमच्यात होते आणि तो दोष आमचाच. पण मास्तर, आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाची नोंद मुलागणिक करायची असते, चार्टला गुण नसतात. गटाला मिळून एकच आकडा चौघांच्या नावापुढे टाकला की लेखनिक मुलीचे कष्ट तिघांत वाटले जातात.

एडिसनहून
इथे न्यू जर्सीत माझा भाचा पाचवीत आहे, त्याच्या वर्गात गळ्यात अडकवायची लॅमिनेट केलेली कार्डं असतात आणि रोज फिरतात. तरी त्याची तक्रार वेगळीच. तो नवीन आलेला, इंग्रजी अडखळत बोलतो. गटप्रमुखाचं कार्ड गळ्यात असलं तरी कोणी त्याचं ऐकत नाही, सगळे त्या एका हुशार मुलीकडेच बघतात. त्यामुळे कार्डाने सगळं समान होतं हे मला पटत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख
ताई, हा सगळ्यात खरा मुद्दा आहे. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी आयुष्य याच प्रश्नावर काढलं. वर्गात कोण हुशार हे पोरांनी आधीच ठरवलेलं असतं आणि गटात बोलायची संधी त्या क्रमानेच मिळते. त्यांनी भूमिका वाटल्या, पण भूमिकेवर भागवलं नाही. शिक्षकाने त्या खालच्या समजल्या गेलेल्या मुलाला खरंच काय जमलं ते सगळ्यांसमोर, नेमकं सांगायचं. "छान" नव्हे. "याने बाटली सपाट ठेवली म्हणून माप बरोबर आलं" असं. आणि काम असं हवं की एकट्या हुशाराला ते उरकताच येऊ नये.

खडूवाली
हे माझ्याकडे घडलंय. ऊसतोड कामगाराचा एक मुलगा, अर्धं वर्ष शाळेत नसतो, वाचन कच्चं. बाकीचे नळ टपकत होते, पण एकाचं पाणी भिंतीवरून ओघळत होतं, बाटलीत येईना. सगळे अडले. त्याने नळाला सुतळी बांधून तिचं टोक बाटलीत सोडलं, पाणी सुतळीवरून खाली आलं. पंधरा झाकणं भरली, म्हणजे दिवसाला 21.6 लिटर, सगळ्यात जास्त गळणारा नळ तोच निघाला. मी हे वर्गात जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या पिरियडला त्याच्याकडे गटप्रमुखाचं कार्ड होतं आणि पोरं ऐकत होती. आता ते कार्डामुळे की सुतळीमुळे, मला खरंच सांगता येणार नाही.

दोन अधिक दोन
सुतळीमुळे. मला वेगळा नळ दिला असता तर मी तिथेच अडलो असतो, तेवढ्यापुरतं माझं आधीचं म्हणणं मागे. पण गैरहजेरीचं काय? चारात एक आला नाही की कार्ड कोणाला?

खडूवाली
वेळपाल आणि साहित्य एकाकडे जातं. दोन नसले तर तो गट मोडून, जिथे कोणी कमी आहे त्या गटांत मिसळते. पाचाचा गट मात्र करत नाही, पाचवा कायम मोकळा राहतो.

निवांत मास्तर
माझ्याकडे 58 म्हणजे चौदा गट आणि वर दोन पोरं, त्यामुळे दोन गट पाचाचे होणारच. चार पिरियड देणं शक्य नाही, दोन देतो. गटप्रमुख हे नाव काढून टाकतो, आमच्याकडे ते नाव मिळालं की पोरगा शर्टाची कॉलर वर करतो. आणि चार्ट कापून देतो, भेटीला आलेल्यांना काय वाटायचं ते वाटू दे. जमलं नाही तर इथेच येऊन सांगेन.

पाचवीतल्या मुलीची आई
लेखनिकाचं कार्ड काढणार का, तेवढं सांगा.

निवांत मास्तर
काढतो ताई. पण अंतिम चार्ट कोण लिहिणार ते अजून कळत नाहीये.

पाचवीतल्या मुलीची आई
चार तुकडे आहेत ना, चौघं लिहितील. माझ्या मुलीला तिच्या सरांकडे हेच मागायला सांगतेय, नळावर जायचंय म्हणून.