कंपनीतल्या ट्रेनिंगचं लॉगबुक परत आलं असेल तर

> "तिसऱ्या आठवड्याचं पान 'तपशील नाही' असा शेरा मारून परत आलं. रोजचं काम तर लिहिलं होतं, आणखी काय हवं?"

'पंपाची देखभाल पाहिली' असं लिहिलंत ना? माझंही असंच परत आलं होतं. त्यात तुम्ही कुठेच नाही. तेच असं लिहा: 'पंप आणि मोटरचं अलाइनमेंट डायल गेजने तपासलं. फरक ०.१८ मिमी होता. मोटरच्या पायाखालची शिम बदलल्यावर ०.०४ उरला. रीडिंग मी घेतली, शिम फिटरने बसवली.' शेवटचं वाक्य गाळू नका, तोंडी परीक्षेत नेमकं त्यावरच बोट ठेवतात. खाली दोन ओळींत काय अडलं आणि वर्गातलं काय उपयोगी पडलं, ते लिहा.

रोज संध्याकाळी चार ओळी खरडून ठेवा. शनिवारी आठवून लिहिलं की सगळे दिवस सारखेच दिसतात. तास हजेरीपत्रकाशी जुळवा. सुट्टीच्या दिवशी आठ तास दाखवलेत तर अख्खी वही संशयात येते. रिकामा गेलेला दिवस 'मशीन बंद, मॅन्युअल वाचलं' असा सरळ लिहा, चालतं.

सही दर आठवड्याला, तारखेसकट घ्या. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी घेतलेल्या लगेच ओळखू येतात. कंपनीचे ड्रॉइंग किंवा फोटो मात्र सुपरवायझरला विचारूनच चिकटवा.