मदत हवी आहे: डिफरन्शियल पेअरमध्ये करंट ठरलेला, मग सिग्नल मोठा होतो कुठून?

तापीकाठ (जळगाव): दोन बीसी ५४७ ची जोडी लावली आहे. एमिटर एकत्र करून ११ किलोओहममधून −१२ व्होल्टला नेलेत. प्रत्येक कलेक्टरला +१२ वरून १० किलोओहम. दोन्ही बेस एकदम १ व्होल्टने वर नेले तर दोन्ही कलेक्टर अर्ध्या व्होल्टच्या आसपास खाली येतात. फरक शून्य असताना असं का? सर म्हणतात, रेझिस्टरऐवजी करंट सोर्स लाव. पण करंट पक्काच झाला, तर वाढणार काय?

खटपट्या: करंट सोर्सने गेन वाढतो भाऊ, म्हणून लावतात.

आबा_धुळे: गेन जवळपास तोच राहतो, कमी होतो तो नको असलेला भाग. आपल्या पांझरेच्या फडांसारखं बघ: पाटात पाणी ठरलेलं, एका फडाकडे जास्त वळवलं की दुसऱ्याला तेवढंच कमी. तुझा टेल करंट १ मिलीअँपिअर, म्हणजे दोघांना अर्धा-अर्धा आणि दोन्ही कलेक्टर ७ व्होल्टवर. आता बेसमध्ये २ मिलीव्होल्टचा फरक दे. एकाकडे साधारण २० मायक्रोअँपिअर वाढतील, दुसऱ्याकडे तेवढेच घटतील. १० किलोओहमवर ते ०.२ व्होल्ट. एक कलेक्टर ६.८, दुसरा ७.२. दोन्हींमधला फरक ०.४ व्होल्ट, म्हणजे २०० पट. एकूण करंट हललाच नाही.

दोन्ही बेस सोबत वर गेले की एमिटरही १ व्होल्ट वर जातो. ११ किलोओहममधून ९० मायक्रोअँपिअर जास्त वाहतात, प्रत्येकाच्या वाट्याला ४५. तुझा अर्धा व्होल्ट तो हाच. करंट सोर्स एमिटर वर गेला तरी करंट वाढू देत नाही. तिसरा बीसी ५४७ घे, त्याच्या एमिटरखाली १.२ किलोओहम आणि बेस ते −१२ लाल एलईडी. बेसला जमिनीवरून १० किलोओहम.

केळीबाग_रावेर: माझ्या शेतातला ओलाव्याचा सेन्सर लांब वायरीवर आहे. मोटर चालू झाली की रीडिंग नाचतं. हे लावून थांबेल का?

आबा_धुळे: दोन्ही वायरींत गुणगुण सारखीच शिरत असेल तर बरीच कटेल. तुमची एक वायर सेन्सरपाशी जमिनीला जोडलेली आहे का, दादा? तसं असेल तर दोन्हींत ती सारखी येणार नाही.

तापीकाठ: आबा, लावला. आता दोन्ही बेस वर नेले तर मीटरवर कलेक्टर हललेला कळतही नाही. पण दोन्ही बेस जमिनीला जोडूनही कलेक्टर ६.५ आणि ७.५ वर आहेत.

आबा_धुळे: सुटे ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे नसतात. ५ मिलीव्होल्टचा फरक असला तरी एवढं दिसतं. एकाला बोटाने ऊब दे. तो जास्त करंट ओढेल, त्याचा कलेक्टर खाली येईल. दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटव, म्हणजे तापमान सारखं राहील. प्रत्येक एमिटरमध्ये १०० ओहम टाकलेस तर हा फरक तिसऱ्या हिश्श्यावर येईल, पण गेनही तेवढाच उतरेल.

तापीकाठ: बोट लावताच कलेक्टर सरकला! गेन सोडायचा नाहीये. पुड्यातून जवळचे दोन निवडले, तर जळगावच्या मे महिन्यात ते तसेच जुळलेले राहतील का?