चहाचा वेगळा पेला

«आयुष्यभर क्रिकेट पाहणाऱ्या बाबांना पुस्तक द्यायचंय. आकडे त्यांना पाठ आहेत, माणसांच्या गोष्टी हव्यात.»

मग रामचंद्र गुहांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (2002) द्या, आणि त्यातला जुन्या काळचे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांचा भाग आधी वाचायला सांगा.

बाळू चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नोकरी, पगार महिना चार रुपये. काम रोलर फिरवायचं, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. बॅट मात्र कोणी कधी हातात दिली नाही. तेव्हा संघ धर्मानुसार असत. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची फिरकी हवी झाली, तेव्हा मैदानावर सगळे एकत्र. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात चहा. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

1911च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. 1920 साली या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. 1923 मध्ये तेच विठ्ठल कर्णधार झाले. विठ्ठलांनी मराठीत आत्मचरित्रही लिहिलंय, ‘माझे क्रीडाजीवन’. जुन्या ग्रंथालयात मिळालं तर सोडू नका, बाबा ते आधी संपवतील.

गुहांच्या पुस्तकात पुढे राजकारण बरंच येतं. निव्वळ खेळ हवा असणाऱ्याला ते जड जाईल.