‘भयमापक’ म्हणायचं का? पुट-कॉल रेशो आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटीसाठी मराठी शब्द

कोशवेडी
एका लेखाचं संपादन करते आहे. विषय बिटकॉइन आणि इथरचे ऑप्शन्स. लेखकाने पुट-कॉल रेशोला ‘भीतीचं गुणोत्तर’ आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटीला ‘गर्भित अस्थिरता’ असं म्हटलंय, आणि दोन्हींना मिळून ‘भयमापक’. एक वाक्य असं आहे: ‘नोव्हेंबर 2024 च्या अमेरिकी निवडणुकीआधी बिटकॉइनची गर्भित अस्थिरता वाढली, म्हणजे बाजार घाबरला होता.’ पण निकालानंतर बिटकॉइन वर गेला ना? मग घाबरलं कोण होतं? ‘गर्भित’ आणि ‘भय’ हे दोन्ही शब्द मला खटकतायत. जाणकारांनी सांगावं.

बुधगावकर
ताई, पुट-कॉल रेशो, म्हणजे पीसीआर, आम्ही निफ्टीत रोज बघतो. लेखकाने उलटं लिहिलंय. पुट जास्त असले की पीसीआर 1 च्या वर जातो, आणि ते मजबुतीचं लक्षण असतं, कारण पुट लिहिणारे, म्हणजे विकणारे, मोठे खेळाडू असतात. ते म्हणत असतात की बाजार याच्या खाली जाणार नाही. त्या हिशोबाने बिटकॉइनचा पीसीआर 0.6 दिसला तर बाजार कमजोर समजायचा. भीतीबिती काही नाही, सरळ गणित आहे.

पेन्शनर_नाशिक
कॉइनवर 30 टक्के कर आणि वर 1 टक्का टीडीएस कापतात. खरी भीती ती. पुट म्हणजे कॉइन विकायचा आदेश असेल तर त्यावरही टीडीएस लागतो का?

अनंत_दुबई
काका, पुट म्हणजे विकायचा आदेश नव्हे. ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क आधी पैसे, म्हणजे प्रीमियम, मोजून घेऊन ठेवायचा, असा तो करार. कॉल म्हणजे तसाच खरेदीचा हक्क. कराचं तुमच्या सीएला विचारा, इथे विषय भरकटेल.

बुधगावकर, लिहिणाऱ्याकडे बघायचं हे तुमचं बरोबर. पण मग ते दोन्ही बाजूंना बघा. बिटकॉइनचे ऑप्शन्स मोठ्या प्रमाणावर डेरिबिट या क्रिप्टो एक्स्चेंजवर चालतात, आणि तिथे कॉलची संख्या पुटपेक्षा जास्त असणं ही नेहमीची स्थिती आहे. ज्यांच्याकडे कॉइन पडून आहेत ते फंड आणि मायनर त्यावर कॉल लिहून प्रीमियम कमावतात. दुसरीकडे लॉटरीच्या तिकिटासारखे लांबचे स्वस्त कॉल घेणारेही पुष्कळ. त्यामुळे तिथला 0.6 हा कमजोरीही सांगत नाही आणि उत्साहही. निफ्टीचा 1 हा उंबरठा उचलून तिथे ठेवता येत नाही. तो आकडा त्याच बाजाराच्या मागच्या काही महिन्यांच्या आकड्यांशी ताडून बघायचा.

दुसरी गोची मोजणीत आहे. समजा बिटकॉइन 70,000 डॉलरवर आहे. कुणी 1,00,000 चे 1,000 कॉल घेतले, प्रत्येकी 0.002 बिटकॉइन देऊन. दुसऱ्या कुणी 68,000 चे 500 पुट घेतले, प्रत्येकी 0.03 देऊन. करार मोजले तर रेशो 0.5, म्हणजे कॉलवाल्यांची चलती. पैसे मोजले तर कॉलवर 2 बिटकॉइन खर्च झाले आणि पुटवर 15. रेशो साडेसात! बाजार तोच, व्यवहार तेच. म्हणून पीसीआर लिहिताना तो ओआयचा, म्हणजे उघड्या असलेल्या एकूण करारांचा, की दिवसाच्या व्हॉल्यूमचा, करारांचा की प्रीमियमचा, हे सांगितलं नाही तर वाक्याला अर्थच नाही.

बुधगावकर
ओआयचाच बघायचा. व्हॉल्यूममध्ये इंट्राडेवाल्यांचा कचरा असतो.

अनंत_दुबई
नेहमी नाही. एक्स्पायरी झाली, म्हणजे करारांची मुदत संपली, की जुना ओआय उडतो आणि रेशो उडी मारतो, कुणाचंही मत न बदलता. तिथली महिनाअखेरची मोठी एक्स्पायरी शेवटच्या शुक्रवारी, भारतीय वेळेनुसार दुपारी दीडला. त्या दिवसाचा चार्ट बघून ‘भीती अचानक वाढली’ असं लिहिणारे बरेच सापडतील.

मोहरी
माझा अनुभव विचारू का? जानेवारी 2024 मध्ये बिटकॉइन ईटीएफला मंजुरी मिळाली त्या दिवशी मी पुट घेतला होता. भाव 46,000 च्या आसपास होता, पुट 38,000 चा, 26 जानेवारीच्या एक्स्पायरीचा. सगळे वर जाणार म्हणत होते, मला पडेल असं वाटत होतं. आणि पडलाच! आठवड्याभरात 43,000 ला आला. पण माझ्या पुटची किंमत वाढायच्या ऐवजी तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. नवऱ्याने विचारलं, अंदाज बरोबर तर पैसे कुठे गेले? माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लॅटफॉर्मने गडबड केली असेल का?

अनंत_दुबई
गडबड नसावी, आणि तुमच्या उदाहरणातच कोशवेडींचं उत्तर आहे.

तुम्ही पुट घेतलात तेव्हा सगळा बाजार मंजुरीच्या निर्णयावर डोळे लावून बसला होता. काहीतरी मोठं होणार या अपेक्षेने कॉल महाग होते आणि पुटही महाग होते. निर्णय लागला, अनिश्चितता संपली आणि दोन्हींतली हवा गेली. बाजारात याला आयव्ही क्रश म्हणतात, आयव्ही म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी. त्यात 16 दिवसांतले सहा दिवस गेले. तुमचा 38,000 चा भाव अजून 5,000 डॉलर खाली होता. दिशा बरोबर होती, पण तुम्ही पैसे मोजले होते ते घसरणीच्या आकारासाठी, आणि तेवढ्या आकाराची, तेवढ्या वेगाची घसरण झाली नाही. पुढे 23 जानेवारीला भाव 38,500 च्या आसपास टेकला खरा, पण एक्स्पायरीला पुन्हा वर होता.

आयव्ही म्हणजे हेच. ऑप्शनचा भाव बाजारात ठरतो, तो सूत्रात घालून उलटा हिशोब केला की किती चढउताराची किंमत लोक मोजतायत ते निघतं. वर की खाली, हे त्या आकड्यात नसतं.

कोशवेडी
मग निवडणुकीचं वाक्य कसं दुरुस्त करू? ‘घाबरला’च्या जागी काय?

अनंत_दुबई
आधी तो आकडा कसा वाचायचा ते बघू. मतदान मंगळवारी, 5 नोव्हेंबरला होतं. स्क्रीनवर `BTC-8NOV24-70000-C` असं नाव दिसतं, म्हणजे त्याच आठवड्यातल्या शुक्रवारच्या एक्स्पायरीचा 70,000 चा कॉल. अशा वेळी निकालाआधी संपणाऱ्या ऑप्शनपेक्षा निकालानंतर लगेच संपणाऱ्याची आयव्ही जास्त असते. कारण त्याच्या आयुष्यात एक भारी दिवस आहे.

समजायला गोल आकडे घेतो, ते त्या दिवशीचे खरे आकडे नाहीत. सात दिवसांच्या ऑप्शनची आयव्ही 70 आहे आणि साध्या दिवसांची 45 धरली. आयव्हीची सरासरी सरळ काढता येत नाही, वर्ग करून बेरीज करावी लागते. 70 चा वर्ग 4,900, गुणिले सात दिवस, 34,300. 45 चा वर्ग 2,025, गुणिले सहा दिवस, 12,150. वजाबाकी केली की निकालाच्या एकट्या दिवसाला 22,150 उरतात. त्याचं वर्गमूळ साधारण 149. हा वार्षिक दर झाला. कॉइनचा बाजार वर्षभर रोज चालतो म्हणून 365 च्या वर्गमुळाने, म्हणजे 19.1 ने भागायचं. उत्तर 7.8. म्हणजे बाजार त्या एका दिवसासाठी साधारण 8 टक्क्यांच्या हालचालीची किंमत लावतोय, कोणत्याही दिशेने.

प्रत्यक्षात बिटकॉइन सुमारे 69,000 वरून 75,000 च्या वर गेला. तेव्हा आयव्ही चढलेली होती ती घबराटीने नव्हे. वर जाण्यावर पैसे लावणारेही तेच महाग ऑप्शन घेत होते.

तिरकस
शेअरबाजारात मात्र व्हिक्स या आयव्हीच्या निर्देशांकाला फिअर गेजच म्हणतात, आणि ते तिथे शोभतंही. शेअर निर्देशांक सहसा सावकाश चढतात आणि धाडकन पडतात, त्यामुळे आयव्ही वाढली की बहुतेकदा बाजार पडत असतो. कॉइनमध्ये दोन्हीकडे धाडकन. मार्च 2024 मध्ये बिटकॉइन 73,000 कडे धावत होता तेव्हा डेरिबिटचा आयव्ही मोजणारा डीव्हीओएल निर्देशांकही चढत होता. तेव्हा कोण घाबरलं होतं? ज्यांनी घेतला नव्हता ते.

शब्दाचं म्हणाल तर ‘धाकधूक’. निकालाच्या आदल्या रात्री पोराला असते ती. पास की नापास माहीत नाही, पण उद्या काहीतरी होणार हे माहीत.

कोशवेडी
धाकधूक आवडला. पण मग खरी भीती, पडण्याची, ती कुठल्याच आकड्यात दिसत नाही का?

अनंत_दुबई
दिसते, स्क्यूमध्ये. भावापासून साधारण सारख्या अंतरावरचा एक पुट आणि एक कॉल घ्या आणि दोघांच्या आयव्हीची तुलना करा. पुटची जास्त असेल तर लोक खालच्या बाजूच्या विम्यासाठी जादा पैसे मोजतायत. दोघांची सारखीच वाढली तर तिरकस म्हणतात ती धाकधूक. फक्त पुटची वाढली तर भीती. पीसीआरपेक्षा मी यावर जास्त विसंबतो, कारण करार कुणीही कशासाठीही करतो, पण जादा पैसे कुणी उगाच मोजत नाही.

बुधगावकर
पण हे सगळं तारीख माहीत असेल तेव्हाच. ऑगस्ट 2023 चं काय? डीव्हीओएल तेव्हा सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाजवळ होता. सगळे ऑप्शन लिहून प्रीमियम खात बसले होते. 17 ऑगस्टच्या रात्री बिटकॉइन धडाधड खाली आला. तुमच्या मापकात धाकधूकही नव्हती आणि भीतीही नव्हती.

अनंत_दुबई
मान्य. कॅलेंडरवर नसलेल्या गोष्टीची किंमत आधी लागत नाही. उलट आयव्ही खूप खाली असते तेव्हा लिहिणाऱ्यांची गर्दी झालेली असते, आणि धक्का बसला की तेच धावत सुटतात आणि हालचाल मोठी होते. मात्र ‘आयव्ही तळाला, म्हणजे आता धमाका’ हाही नियम करू नका. ती तळाला कितीतरी आठवडे पडून राहू शकते.

तिरकस
राहिला ‘गर्भित’. मला तो चालतो, गर्भितार्थ असतो तसा. ‘अस्थिरता’ मात्र नको. त्याने सरकार पडल्यासारखं वाटतं. ‘गर्भित चढउतार’ लिहा.

कोशवेडी
‘गर्भित चढउतार’ वाचून मला पंचांग आठवलं. ‘भावातून निघणारा चढउतार’ हे लांबलचक आहे, पण भाव आधी आणि आकडा नंतर हे त्यात स्पष्ट होतं. लेखात पहिल्यांदा तसं लिहून पुढे सगळीकडे ‘आयव्ही’ ठेवते. पीसीआर पीसीआरच राहू दे, फक्त लेखकाला तो ओआयचा की व्हॉल्यूमचा हे विचारते. ‘भयमापक’ काढला. ‘धाकधूक’ शीर्षकात घालावा की नाही हे ठरत नाहीये, लेखकाला तो फार घरगुती वाटतोय.

बुधगावकर
घाला. आणि निफ्टीचा 1 चा नियम लेखात आला असेल तर तो निफ्टीपुरता असं लिहा. निफ्टीत मी तो सोडणार नाही.

मोहरी
अनंतजी, पुट घ्यायच्या आधी ती आयव्ही कुठे दिसते? माझ्या ॲपमध्ये फक्त भाव आणि खरेदीचं बटण आहे.

अनंत_दुबई
ऑप्शन चेनच्या सेटिंगमध्ये आयव्हीचा रकाना चालू करता येतो का बघा. तसा रकाना नसेलच तर डेरिबिटच्या साइटवर लॉग-इन न करताही चेन दिसते. तुमच्या एक्स्पायरीची आयव्ही तिच्या पुढच्या-मागच्या एक्स्पायरीपेक्षा फुगलेली असेल तर मधल्या कोणत्या तारखेचे पैसे तुम्ही मोजताय ते आधी शोधा.