मदत हवी आहे: एकंदर छाप आणि निकषनिहाय गुण, दोन्हींचे क्रम वेगळे येताहेत

चौकट_राजा: आमच्या कॉलेजच्या निबंध स्पर्धेचे ६० पेपर आहेत. विषय जागेवर दिला होता, वेळ ४५ मिनिटं. आम्ही दोघं परीक्षक. आधी नुसते वाचून प्रत्येकाला ६ पैकी एकच आकडा दिला. मग तेच पेपर पुन्हा घेऊन आशय ४०, मांडणी ३०, भाषा २०, शुद्धलेखन १० असे गुण दिले. १७ नंबरच्या पेपरला आधी आमचे ५ आणि ६ होते, ३२ नंबरला दोघांचेही ३. निकषनिहाय बेरजेत मात्र ३२ वाला पुढे! निकाल कशावर लावू?

मुक्काम_सांगली: निकषांवरच लावा. एकच आकडा म्हणजे परीक्षकाचा मूड. तक्रार आली तर रकाने दाखवता येतात.

जुनी_वही: तक्रारीचं खरं आहे, पण मूड असता तर दोघांचे आकडे इतके जवळ आले नसते. या दोन पेपरांचे रकाने टाका ना.

चौकट_राजा: माझे असे आहेत:
१७: २८ + २० + १३ + १ = ६२
३२: २५ + १९ + १२ + ९ = ६५

स्वाती_को: माझ्या मुलीचं अक्षर वाईट म्हणून तिला नेहमी कमी मिळतात. त्याचा रकाना कुठे असतो?

जुनी_वही: स्वातीताई, रकाना नसतो, तरी अक्षराचा परिणाम दोन्ही पद्धतींत होतोच. टाइप करून घेतल्याशिवाय तो जात नाही.
राजा, साठही पेपरांत आशयाचे गुण कुठून कुठपर्यंत गेलेत?

चौकट_राजा: २४ ते २८. शुद्धलेखन १ ते ९.

जुनी_वही: मग झालं. आशयाला ४० ठेवलेत, पण त्यात सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट निबंधात फरक चारच गुणांचा. शुद्धलेखनात आठांचा. क्रम ठरतो तो फरकावर, कमाल गुणांवर नाही. कागदावर आशय चौपट जड, प्रत्यक्षात शुद्धलेखनाच्या निम्मा. चुका मोजता येतात म्हणून तिथे हात मोकळा चालतो. आशयात सगळेच घाबरत मधले गुण देतात.
आधी प्रत्येक पातळीचा एकेक नमुना पेपर दोघांनी मिळून ठरवा. मग फक्त आशयाचा रकाना, गठ्ठा उलटसुलट करून, जुने गुण झाकून, पुन्हा तपासा. ६ पैकी द्या आणि नंतर ४० वर न्या. मात्र निबंध आशयात खरंच सारखे असतील तर ओढूनताणून फरक पाडू नका, तो नुसता गोंगाट होईल.

मुक्काम_सांगली: म्हणजे रकाने चुकीचे नाहीत, भरणारे चुकतात.

जुनी_वही: थोडं तसंच. पण छापेचे आकडे पुरावा म्हणून जास्त ताणू नका. त्याच दोघांनी तेच पेपर दोनदा वाचलेत, पहिला आकडा डोक्यात राहतोच. तिसरा परीक्षक मिळाला तर निदान हे दोन पेपर त्याला आधीचे गुण न दाखवता द्या.

चौकट_राजा: तिसऱ्या मॅडम तयार आहेत. पण ४५ मिनिटांत, पुन्हा वाचायला वेळ न देता लिहून घेतलेल्या निबंधात शुद्धलेखनाला दहा ठेवावेत का, यावर आमच्यात अजून वाद आहे. माझे सहकारी म्हणतात, मराठीचीच स्पर्धा आहे, सोडायचं कसं?

मुक्काम_सांगली: बरोबरच म्हणतात.

जुनी_वही: मी पाच केले असते. पण ते पेपर लिहून घ्यायच्या आधी.