मदत हवी आहे: सुट्टीच्या आणि अपुऱ्या सत्राच्या दिवशी रूटीन कसे थांबवावे?

नमस्कार. नागपुरात घरच्या संगणकावर माझे एक पायथन रूटीन सोमवार ते शुक्रवार दुपारी 3:40 वाजता, म्हणजे एनएसई बंद झाल्यावर दहा मिनिटांनी, क्रॉनमधून चालते आणि दिवसाचे भाव फाइलमध्ये जोडते.

```
40 15 * * 1-5 python3 eod.py
```

वर्षारंभीची सुट्ट्यांची यादी मी त्यात घातली होती. पण 20 नोव्हेंबर 2024 ची विधानसभा मतदानाची सुट्टी नंतर जाहीर झाली. आम्ही मतदान करून घरी परतलो, तोवर रूटीनने 19 तारखेचेच भाव 20 तारखेच्या नावाने नोंदवले होते. उघडा, बंद भाव आणि उलाढाल हुबेहूब सारखी असलेल्या दोन ओळी लागोपाठ दिसल्या, तेव्हा चूक कळली. तोवर वीस दिवसांची सरासरी बिघडली होती.

आता यादीऐवजी तारीख, सुरू आणि बंद वेळ असा तक्ता ठेवण्याचा, आणि शेवटच्या सौद्याची तारीख आजची नसेल तर काहीही न लिहिण्याचा विचार आहे. दुसरी तपासणी मला अधिक भरवशाची वाटते, कारण ती परिपत्रकावर अवलंबून नाही. मात्र 1 नोव्हेंबर 2024 चे मुहूर्त सत्र संध्याकाळी 6 ते 7 होते, आणि 1 फेब्रुवारी 2025 ला, शनिवार असूनही, अर्थसंकल्पामुळे बाजार पूर्ण वेळ चालला. या दोन्ही दिवशी माझे क्रॉन काहीच नोंदवू शकले नाही.

तर क्रॉन रोज चालवून वेळ तक्त्यावरून ठरवावी का? आणि मुहूर्ताचा एक तास सरासरीत पूर्ण दिवस म्हणून आपण धरता का?